परताव्याचा मेसेज, चुकीचा खाते क्रमांक आणि आयकराच्या खऱ्या पोर्टलचा रस्ता

प्रश्न: माझे वडील साताऱ्यात राहतात, सेवानिवृत्त आहेत. जूनमध्ये विवरणपत्र भरले आहे आणि थोडा परतावा येणे आहे. काल त्यांना मेसेज आला की 18,740 रुपयांचा परतावा मंजूर झाला असून तो 4XXXXX2816 या खात्यात जमा होईल, खाते चुकीचे असेल तर सोबतच्या लिंकवर दुरुस्त करा. हा खाते क्रमांक त्यांचा नाही, म्हणून त्यांनी लिंक उघडली. साइट हुबेहूब आयकर खात्याची दिसते, वर कुलूपही दिसते. पॅन आणि जन्मतारीख भरून झाली, पुढे कार्डाची माहिती मागितल्यावर ते थांबले. ही साइट खरी की खोटी हे कसे ओळखायचे आणि खऱ्या साइटवर नेमके कसे जायचे?

उत्तर: साइट खोटी आहे आणि वडील योग्य जागी थांबले. कार्डाची माहिती दिलेली नसल्यामुळे तूर्त पैशाचे नुकसान झालेले नाही. ते पान बंद करा, पण मेसेज लगेच पुसून टाकू नका, कारण तक्रार करताना तो लागेल. पॅन आणि जन्मतारीख बाहेर गेल्याचे काय करायचे ते शेवटी लिहितो. आधी हा सापळा कसा लावलेला असतो ते समजून घेऊ, कारण सांगलीत करसल्लागार म्हणून काम करताना गेल्या काही वर्षांत जुलै ते ऑक्टोबर या काळात याच धाटणीचे मेसेज घेऊन आलेले अशील मी वारंवार पाहिले आहेत.

या मेसेजातील खरे आमिष परताव्याची रक्कम नसून तो चुकीचा खाते क्रमांक आहे. फुकटचे पैसे मिळतील असा मेसेज आला तर आपल्याकडची शहाणी माणसे संशय घेतात. पण आपले हक्काचे पैसे दुसऱ्याच कोणाच्या खात्यात चालले आहेत असे दिसले की संशय बाजूला राहतो आणि माणूस घाईने दुरुस्ती करायला धावतो. क्रमांक मुद्दाम असा अर्धवट झाकलेला दिलेला असतो की तो तुमचा नाही एवढेच कळावे. याच मजकुराचा, 15,490 रुपयांच्या परताव्याचा एक मेसेज 2023 मध्ये देशभर फिरला होता आणि केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-तपासणी विभागाने तो खोटा असल्याचे जाहीर केले होते. तेव्हापासून रक्कम आणि आकडे बदलतात, मजकूर जवळपास तोच राहतो.

वास्तविक परतावा चुकीच्या खात्यात जाण्याचा प्रश्न अशा प्रकारे उद्भवतच नाही. परतावा फक्त त्याच खात्यात जमा होतो जे तुम्ही पोर्टलवर स्वतः नोंदवलेले आहे, ज्याची बँकेकडून पडताळणी झालेली आहे आणि जे परताव्यासाठी निवडलेले आहे. खाते बंद झाले असेल किंवा बँकेतील नाव पॅनवरील नावाशी जुळत नसेल तर परतावा अडतो किंवा परत जातो. अशा वेळी पोर्टलवर लॉगिन करून तो पुन्हा मागावा लागतो. त्यासाठी मेसेजातील लिंक उघडून अनोळखी पानावर माहिती भरण्याची गरज कधीच नसते.

एक प्रकरण तपशिलाने सांगतो. विश्रामबागेतील एक निवृत्त मुख्याध्यापक माझे जुने अशील आहेत. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. 2023-24 या आर्थिक वर्षात त्यांना निवृत्तिवेतन 4,80,000 रुपये आणि मुदत ठेवींवरचे व्याज 1,12,400 रुपये मिळाले. बँकेत 15एच फॉर्म द्यायचा राहून गेल्यामुळे बँकेने व्याजावर 10 टक्के म्हणजे 11,240 रुपये टीडीएस कापला. 50,000 रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर त्यांचे उत्पन्न 5,42,400 रुपये उरले. नव्या करप्रणालीत त्या वर्षी 7 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होता. म्हणजे कापलेले 11,240 रुपये पूर्ण परत येणे होते, आणि जून 2024 मध्ये भरलेल्या विवरणपत्रात आम्ही तेवढाच परतावा दाखवला होता.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी दुपारी त्यांना मेसेज आला. रक्कम होती 24,350 रुपये आणि खाते क्रमांक अनोळखी. गुरुजींनी लिंक उघडली. पहिल्या पानावर राजमुद्रा, निळी पट्टी आणि पॅन, जन्मतारीख, मोबाइल क्रमांक यांचे चौकोन होते. दुसऱ्या पानावर बँकांची चिन्हे ओळीने मांडलेली होती आणि आपली बँक निवडायची होती. तिसऱ्या पानावर ‘खाते पडताळणी’साठी डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे मागितले होते, आणि कोपऱ्यात दहा मिनिटांचे उलटे घड्याळ चालू होते. गुरुजींनी ते सगळे भरले. चौथ्या पानावर ‘परतावा जमा करण्यासाठी आलेला ओटीपी टाका’ असे लिहिलेले होते. फोनवर ओटीपी आला तेव्हा चष्मा आतल्या खोलीत होता, म्हणून त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला. तिने फक्त आकडे न सांगता मेसेज पूर्ण वाचला. त्यात 24,300 रुपयांच्या ऑनलाइन खरेदीसाठी हा ओटीपी आहे असे बँकेने इंग्रजीत स्पष्ट लिहिले होते. तिने फोन परत दिलाच नाही, कार्डामागच्या क्रमांकावर बँकेला फोन करून कार्ड बंद करवले आणि मग मला कळवले.

या प्रसंगात तीन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली, मेसेजातील रक्कम विवरणपत्रातील रकमेशी जुळत नव्हती. ठग सर्वांना एकच मेसेज पाठवतात, त्यांना तुमचा खरा परतावा माहीत नसतो. मात्र येथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो, कारण खरा परतावाही विवरणपत्रातील आकड्यापेक्षा थोडा जास्त येऊ शकतो. विवरणपत्र मुदतीत भरले असेल तर 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 244ए प्रमाणे 1 एप्रिलपासून परतावा मिळेपर्यंत दरमहा अर्धा टक्का साधे व्याज मिळत असे आणि महिन्याचा काही भाग म्हणजे पूर्ण महिना धरला जात असे. गुरुजींना खरा परतावा ऑगस्टअखेर मिळाला. एप्रिल ते ऑगस्ट असे पाच महिने, म्हणजे अडीच टक्के. रक्कम शंभराच्या पटीत खाली आणून 11,200 रुपयांवर 280 रुपये व्याज झाले आणि खात्यात 11,520 रुपये जमा झाले. फरक असा शेकड्यात असेल तर तो व्याजाचा असू शकतो. 11,240 च्या जागी 24,350 हा फरक मात्र कोणत्याही व्याजाने भरून निघत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मागितलेली माहिती. पैसे आपल्याकडे यायचे असतील तर खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड एवढे पुरते. कार्डाचा क्रमांक, त्यामागचे तीन आकडे, एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन यांचा उपयोग पैसे आपल्याकडून जाण्यासाठीच होतो. परताव्याच्या नावाखाली यातले एक जरी मागितले गेले तर पुढे काही तपासत बसण्याची गरज उरत नाही. तिसरी गोष्ट घड्याळाची. दहा मिनिटांत खाते दुरुस्त केले नाही तर परतावा बुडतो अशी कोणतीही तरतूद कायद्यात नाही. अडकलेला परतावा नंतर मागता येतो.

आता पत्ता ओळखण्याविषयी. कुलपाच्या चिन्हावर तुम्ही विसंबलात, तसे बहुतेक लोक विसंबतात. कुलपाचा अर्थ इतकाच की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यामधले बोलणे वाटेत कोणी वाचू शकत नाही. साइट कोणाची आहे हे कुलूप सांगत नाही. ज्यामुळे ते कुलूप दिसते ते प्रमाणपत्र कोणालाही काही मिनिटांत फुकट मिळते आणि ठगही ते घेतात. पानाचा रंग, राजमुद्रा, मंत्र्यांची छायाचित्रे हे सगळे खऱ्या साइटवरून जसेच्या तसे उचलता येते. ज्याची नक्कल करता येत नाही ती एकच गोष्ट म्हणजे पत्त्याचा शेवट.

साइटचा पत्ता आपल्या टपालाच्या पत्त्यासारखा उलटा, शेवटाकडून वाचायचा असतो. नुसते ‘वाठार’ लिहिले तर वाठार किरोली की वाठार निंबाळकर हे पोस्टमनला कळणार नाही. पत्र कोठे पोहोचायचे ते पुढचा तालुका आणि जिल्हा ठरवतात. पाकिटावर आरंभी ‘जिल्हाधिकारी’ असे कोणीही लिहू शकतो, त्यावरून पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जात नाही. त्याचप्रमाणे पत्त्यातील दोन तिरप्या रेघांनंतर सुरुवात करा, पुढच्या पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपाशी थांबा आणि तेवढ्याच तुकड्याचा शेवट पाहा. तो `incometax.gov.in` असाच, मध्ये टिंबे असलेला, संपला पाहिजे. पुढील चार ओळी शेजारी ठेवून पाहा. पहिली खरी आहे, बाकीच्या तीन खोट्यांच्या धाटणीच्या आहेत. कोणी चुकून उघडू नयेत म्हणून खोट्या पत्त्यांचा शेवट मी बदलून `example` केला आहे.

```
https://www.incometax.gov.in/iec/foportal/
https://incometax.gov.in.refund-update.example/login
https://incometax-gov-in.example/refund
https://refund.example/incometax.gov.in/
```

दुसऱ्या ओळीत सरकारी पत्ता पूर्ण आहे, पण तो सुरुवातीला आहे. शेवट दुसऱ्याच कोणाचा आहे. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर मेसेजात नेमका हा पहिला भागच डोळ्यांत भरतो, म्हणून हा प्रकार सर्वांत फसवा. तिसऱ्या ओळीत टिंबांच्या जागी आडव्या रेघा आहेत आणि घाईत तो फरक दिसत नाही. चौथ्या ओळीत सरकारी नाव एकेरी रेघेच्या पलीकडे आहे, आणि त्या रेघेपलीकडे साइटचा मालक वाटेल ते लिहू शकतो. आखूड केलेल्या लिंकांत तर काहीच दिसत नाही, त्या वाचण्याच्या भानगडीत पडूच नये. पान उघडलेलेच असेल तर वरच्या पत्त्याच्या पट्टीवर एकदा बोट टेकवा, म्हणजे पूर्ण पत्ता दिसतो.

`gov.in` हा शेवट राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत फक्त सरकारी संस्थांना दिला जातो, म्हणून त्याला महत्त्व आहे. तरीही नुसते `gov.in` पाहून थांबू नका. देशात हजारो सरकारी साइट आहेत, त्यांतली एखादी घुसखोरांच्या हाती लागल्याची उदाहरणे आहेत. विवरणपत्र आणि परतावा यांसाठी `incometax` आणि `gov.in` असे दोन्ही सलग हवेत. जुन्या डायऱ्यांत अजूनही `incometaxindiaefiling.gov.in` असा पत्ता लिहिलेला सापडतो. तो जुन्या पोर्टलचा होता, आणि 7 जून 2021 पासून नवे पोर्टल सुरू झाले. `incometaxindia.gov.in` ही साइटही आयकर खात्याचीच आहे, पण ती कायदा, नियम आणि माहितीसाठी आहे.

पोर्टलवर जाण्याचा माझा नियम साधा आहे आणि कार्यालयातल्या मुलांनाही मी तोच घालून दिला आहे. मेसेज खरा वाटो की खोटा, त्यातून कधीच जायचे नाही. आयकर खातेही मेसेज आणि मेल पाठवते, त्यामुळे प्रत्येक वेळी खरा कोणता हे ठरवत बसणे सामान्य माणसाला जमणारे नाही. मेसेज खरा असेल तर त्यात सांगितलेली गोष्ट पोर्टलवर तुमच्या लॉगिनमध्ये दिसतेच. दिसत नसेल तर तो मेसेज निकालात निघाला.

वडिलांच्या फोनवर ब्राउझर उघडा आणि वरच्या पट्टीत `www.incometax.gov.in` हे एकेक अक्षर पाहत टंकित करा. येथे एक चूक फार होते. टिंबे न देता नुसते ‘इन्कम टॅक्स रिफंड’ असे लिहिले की तीच पट्टी शोधयंत्राचे काम करते आणि निकालांची यादी समोर येते. त्या यादीत सर्वांत वर पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असू शकतात. त्यांच्याजवळ बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेले असते, पण नजर तिकडे जात नाही. मदत क्रमांकांचेही तसेच आहे. शोधून मिळालेल्या क्रमांकावर फोन करून समोरच्या ‘अधिकाऱ्याला’ फोनचा पडदा दाखवणारे लोक माझ्याकडे आलेले आहेत. पोर्टलच्या मदतीसाठी 1800 103 0025 आणि 1800 419 0025 हे निःशुल्क क्रमांक आहेत, ते वडिलांच्या फोनमध्ये नावासह जतन करून ठेवा.

मुख्य पान उघडल्यावर `Login` दाबा. आता पत्ता बदलून `eportal.incometax.gov.in` असा होतो. अनेक जण येथे दचकतात, पण शेवट तोच असल्याने हे बरोबर आहे. तुमच्या आधी कोणी हे सांगितलेले नसेल तर वडिलांना मुद्दाम दाखवा, नाहीतर खऱ्या पानावर घाबरून ते मागे फिरतील. पहिल्या पायरीवर फक्त पॅन टाकायचा असतो. दुसऱ्या पायरीवर पासवर्डाच्या वर `Secure Access Message` दिसतो आणि तो पाहिल्याची खूण करायची असते. बहुतेक लोक ही खूण न वाचता करतात, मला त्याचे वाईट वाटते, कारण ही सोय खास खोट्या पानांसाठीच केलेली आहे. लॉगिन केल्यावर प्रोफाइलमध्ये जाऊन तेथे स्वतःचे वाक्य ठेवता येते, उदाहरणार्थ घरच्यांनाच माहीत असलेले एखादे साधे वाक्य. पुढच्या वेळी पॅन टाकल्यावर ते वाक्य दिसले नाही तर पासवर्ड टाकायचा नाही. एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. हे वाक्य फक्त पॅन टाकल्यावर दिसते, त्यामुळे मेहनती ठग तेही मिळवू शकतो. म्हणून ते पत्त्याच्या तपासणीला पर्याय नाही, तिला जोड आहे.

लॉगिन नीट झाले, पत्ता पुन्हा एकदा वाचला, की ते पान ब्राउझरमधील ताऱ्याच्या खुणेने जतन करा आणि पुढे नेहमी तेथूनच उघडा. मी ज्येष्ठ अशिलांच्या फोनच्या पहिल्या पडद्यावर त्याचे चिन्ह लावून देतो. टंकलेखनाची चूकही त्यामुळे टळते.

आत गेल्यावर दोन ठिकाणे पाहायची. `e-File` मधील `Income Tax Returns` खाली `View Filed Returns` उघडले की विवरणपत्राचा प्रवास पायऱ्यांनी दिसतो. विवरणपत्र भरले, ई-पडताळणी झाली, बंगळुरूच्या केंद्रात प्रक्रिया झाली, परतावा निघाला, असा हा क्रम असतो. वडिलांचे विवरणपत्र अजून प्रक्रियेत आहे असे दिसले तर परतावा मंजूर झाल्याचा मेसेज खोटा, हे तेथेच सिद्ध झाले. भरल्यापासून 30 दिवसांत ई-पडताळणी झाली आहे ना, हेही याच पानावर पाहून घ्या. ती राहिली असेल तर प्रक्रिया पुढे सरकत नाही आणि माणूस परताव्याची वाट पाहत अशा मेसेजांना बळी पडतो. माझ्या अनुभवात परतावा अडण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे `My Profile` मधील `My Bank Account`. तेथे वडिलांच्या पासबुकातला क्रमांक, त्यापुढे पडताळणी झाल्याची नोंद आणि परताव्यासाठी निवडल्याची खूण दिसली पाहिजे. आपल्या भागात अनेकांचे खाते सहकारी बँकेत असते. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर आयएफएससी कोड बदललेला असतो आणि पडताळणी रद्द होते, तेव्हा तो नव्या पासबुकावरून पाहून घालावा. परतावा खरोखरच परत गेलेला असेल तर `Services` मध्ये `Refund Reissue` आहे, त्यात विनंती नोंदवायची. या सगळ्या कामात कार्डाचा क्रमांक कोठेही लागत नाही. पोर्टलवर नेट बँकिंगमधून लॉगिन करण्याची सोय मात्र आहे, तेव्हा गोंधळ नको. ती निवडल्यास पोर्टल तुम्हाला बँकेच्या स्वतःच्या साइटवर नेते आणि बँकेचा पासवर्ड तेथेच टाकायचा असतो. आयकराच्या पानावरच बँकेचा पासवर्ड मागणारा चौकोन असेल तर ते पान खरे नाही.

मेलच्या बाबतीत एक खूण उपयोगी पडते. प्रक्रियेनंतर येणारे सूचनापत्र पीडीएफ असते आणि ते कुलूपबंद असते. लहान अक्षरांतील पॅन आणि त्याला जोडून जन्मतारखेचे आठ आकडे हा त्याचा पासवर्ड असतो. तेच पत्र पोर्टलवरही मिळते, म्हणून मी अशिलांना मेलची जोडणी उघडायला सांगतच नाही. `.html`, `.zip` किंवा `.apk` अशा शेवटाची जोडणी असेल तर ती आयकराची नव्हे.

व्हॉट्सॲपवरून येणारे `.apk` हे सर्वांत घातक. सप्टेंबर 2021 मध्ये भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने ‘ड्रिनिक’ नावाच्या अशाच ॲपविषयी इशारा दिला होता. 27 हून अधिक बँकांचे ग्राहक त्याचे लक्ष्य होते. ते आयकर परताव्याच्या नावाने माहिती भरून घेई, परतावा जमा करा असे बटण दाबले की चूक झाल्याचा बहाणा करी आणि पाठीमागे फोनमधील मेसेज व कॉलची नोंद ठगांकडे पाठवी. मेसेज गेले म्हणजे ओटीपी गेला. नंतरच्या त्याच्या रूपात तर ॲपच्या आत आयकराची खरी साइटच उघडून दाखवली जाई आणि तुम्ही पॅन व पासवर्ड टाकत असताना पडदा टिपला जाई. याचा अर्थ असा की फोनमध्येच असे ॲप बसले असेल तर खरा पत्ता पाहूनही उपयोग नाही. वडिलांनी लिंकवरून काही ‘इन्स्टॉल’ केले होते का, हे त्यांना रागावून नव्हे तर शांतपणे विचारा. केले असेल तर फोनचे इंटरनेट बंद करा, बँकेची सर्व कामे दुसऱ्या फोनवरून करा आणि हा फोन महत्त्वाची छायाचित्रे काढून घेऊन पूर्ण पुसून घ्या.

पैसे गेलेच असतील अशा वाचकांसाठी थोडक्यात लिहितो. पहिला फोन बँकेला करायचा, क्रमांक कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो. दुसरा 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, आणि त्यानंतर `cybercrime.gov.in` वर तक्रार. पहिल्या एकदोन तासांत कळवल्यास पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने असा नियम घातला की ग्राहकाने स्वतः ओटीपी वगैरे दिल्यामुळे नुकसान झाले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. पुष्कळ माणसे घरच्यांना कळेल या संकोचाने रात्र जाऊ देतात, आणि त्या रात्रीतच दुसरी, तिसरी रक्कम जाते.

आता वडिलांविषयी. पॅन आणि जन्मतारखेवरून कोणालाही बँकेतले पैसे काढता येत नाहीत, किंवा ओटीपीशिवाय पोर्टलचा पासवर्डही बदलता येत नाही. धोका वेगळ्या दोन ठिकाणी आहे. येत्या काही दिवसांत ‘आयकर कार्यालयातून बोलतोय’ असा फोन येईल आणि समोरचा माणूस पॅन व जन्मतारीख अचूक सांगेल. त्या अचूकपणामुळे विश्वास बसतो, पण ती माहिती काल त्याच पानावर भरलेली आहे हे वडिलांना आत्ताच सांगून ठेवा. दुसरा धोका पॅन वापरून त्यांच्या नावावर छोटे ऑनलाइन कर्ज काढले जाण्याचा. सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो साधारण दोन महिन्यांनी काढा, म्हणजे दरम्यान कोणी अर्ज केला असल्यास त्याची नोंद त्यात आलेली असेल.

पोर्टलवर नव्याने पासवर्ड बदला, प्रोफाइलमधील मोबाइल क्रमांक आणि मेल वडिलांचाच आहे याची खात्री करा आणि `e-Filing Vault Higher Security` चालू करा. त्यात लॉगिनसाठी पासवर्डाखेरीज आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी किंवा नेट बँकिंग यांपैकी एक पर्याय सक्तीचा करता येतो. आधारला जोडलेला क्रमांक चालू आहे ना ते आधी पाहा, नाहीतर स्वतःलाच आत जाता येणार नाही. शेवटी त्या मेसेजचे लिंकसह छायाचित्र `webmanager@incometax.gov.in` या पत्त्यावर पाठवा आणि त्याची प्रत `incident@cert-in.org.in` ला द्या. `cybercrime.gov.in` वरही ती लिंक संशयित म्हणून नोंदवता येते. हे झाले की मेसेज पुसून टाका, म्हणजे चार दिवसांनी वडिलांकडून तीच लिंक पुन्हा उघडली जाणार नाही.